पगार महिनाभर लांबला तर आधी काय भरायचं आणि उरलेलं कुठून आणायचं

प्रश्न: आज ३ तारीख. १ तारखेला येणारा पगार आलेला नाही, ऑफिस म्हणतं ‘पुढच्या महिन्यात होईल’. पगार ५० हजार, बँकेत १४ हजार आहेत. भाडं १२ हजार (५ तारीख), दरमहा गुंतवणुकीचे ३ हजार (५, ऑटो-डेबिट), गाडीच्या कर्जाचा हप्ता ७,५०० (७, ऑटो-डेबिट), मुलीची तिमाही फी ६ हजार (१०), क्रेडिट कार्डाचं बिल १८ हजार (१२, यात ११ हजार गाडीच्या दुरुस्तीचे), वीज १,८०० (१५), फोन-इंटरनेट ९००, आरोग्य विम्याचा वार्षिक हप्ता ९ हजार (२०). किराणा ८ हजार आणि जाण्यायेण्याचे अडीच हजार वेगळेच. ४० हजारांची एफडी आहे, मुदत संपायला ७ महिने बाकी. आधी काय भरू? एफडी मोडू, कार्डावरून रोख काढू, की कर्जाच्या ॲपवरून २० हजार घेऊ?

उत्तर:

ॲप नको, कार्डावरून रोख तर अजिबात नको. एफडी मोडण्याऐवजी तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ती तारण ठेवून बँकेकडून लागतील तसे पैसे उचला. पण त्याआधी ऑफिसला एक प्रश्न विचारा, कारण पुढचा सगळा हिशोब त्याच्या उत्तरावर उभा आहे: पुढच्या महिन्यात दोन्ही पगार एकदम येणार, की आत्ताचाच पगार तेव्हा येणार आणि यापुढे सगळे पगार महिनाभर मागे सरकणार?

ऐकायला दोन्ही सारखंच वाटतं. मी १४ वर्षं कर्जवसुलीत काढली आणि आता अडचणीत आलेल्या लोकांना हिशोब मांडून देतो. ‘एक महिना उशीर’ म्हणून आलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा उशीर प्रत्यक्षात कायमचा सरकलेला पगार निघतो. दोन पगार एकदम आले तर तुम्हाला फक्त ३० दिवस काढायचे आहेत. पगार सरकला असेल, तर एक पूर्ण पगार तुमच्या हातातून निसटला आणि तो नोकरी सुटेपर्यंत परत दिसणार नाही. मग ३० दिवसांचं उसनं घेऊन भागत नाही, सहा महिन्यांत फिटेल असं काही लागतं. एचआरला ईमेल करा: ‘या महिन्याचं वेतन कोणत्या तारखेला जमा होईल, आणि पुढच्या महिन्याचं वेतन नेहमीच्या तारखेलाच होईल का?’ उत्तर लेखी हवं. तोच ईमेल उद्या घरमालकाला आणि शाळेला दाखवता येतो.

आता क्रम. तुम्ही दिलेल्या यादीची बेरीज ६८,७०० होते आणि हातात १४ हजार आहेत, म्हणून छाती दडपते. लोक अशा वेळी एकतर सगळ्यात मोठं बिल आधी उचलतात, नाहीतर ज्याचा फोन सगळ्यात जास्त येतो त्याला आधी देतात. दुसरी चूक फारच सर्रास होते. मी त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला बसलेलो आहे म्हणून सांगतो: ज्याच्याकडे तारण नाही तोच जास्त ओरडतो. कार्डवाले आणि ॲपवाले पहिल्या दिवसापासून फोन करतात, कारण फोन सोडला तर त्यांच्या हातात फारसं काही नसतं. गाडीवर कर्ज देणारा सुरुवातीला शांत असतो. त्याच्याकडे गाडी आहे.

त्यामुळे प्रत्येक बिलासमोर दोन तारखा लिहा. पहिली म्हणजे बिलावर छापलेली. दुसरी म्हणजे ज्या दिवशी खरोखर काहीतरी तुटतं ती: वीज कापली जाते, विमा बंद पडतो, ऑटो-डेबिट परत जाऊन दंड लागतो, घर सोडायची भाषा सुरू होते. या दोन तारखांमधलं अंतर ही तुमची बिनव्याजी उधारी. जिथे अंतर मोठं तिथे थांबायचं, जिथे दोन्ही तारखा एकच तिथे आधी भरायचं. आणि जिथे जे तुटतं ते पैसे देऊनही परत जोडता येत नाही, ते सगळ्यांच्या वर.

तुमच्या यादीत परत न जोडता येणारी गोष्ट एकच आहे, आणि ती तुम्ही शेवटी लिहिली आहे: आरोग्य विमा. ‘ग्रेस पिरियड आहे, नंतर भरू’ असं इथे फार सहज म्हटलं जातं. ग्रेस पिरियडचा अर्थ इतकाच, की तेवढ्या दिवसांत पैसे भरले तर पॉलिसी जुन्या सवलतींसह पुढे चालू राहते. वार्षिक हप्त्याच्या अनेक आरोग्य पॉलिसींमध्ये मधल्या दिवसांत आलेला दवाखान्याचा खर्च मात्र मिळत नाही. आणि ग्रेसही उलटून गेला, तर नव्या पॉलिसीत जुन्या आजारांची प्रतीक्षा मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते. तुमच्या पॉलिसीतलं हे कलम आज काढून वाचा. मधल्या दिवसांत संरक्षण मिळतं असं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर ते ९ हजार २० तारखेच्या आत जातात, बाकी काहीही राहिलं तरी.

दुसरा नंबर गाडीच्या हप्त्याचा. रक्कम मोठी आहे म्हणून नाही, तर तो ऑटो-डेबिट आहे म्हणून. खात्यात पैसे नसताना डेबिट आलं की दंड दोन ठिकाणी लागतो: तुमची बँक परत पाठवल्याचे घेते आणि कर्ज देणारा वेगळे लावतो. काही जण चार-पाच दिवसांनी तेच डेबिट पुन्हा पाठवतात, तेव्हाही खातं रिकामं असेल तर दोन्ही दंड पुन्हा. शिवाय चुकलेला हप्ता क्रेडिट रिपोर्टमध्ये चढतो, आणि पुढे कधी कर्ज लागलं तर तिथे दिसतो. ज्याच्यापाशी गाडी तारण आहे त्याच्याशी इतकं महाग पडणारं भांडण ओढवून घ्यायचं नाही.

आता एक बारीक गोष्ट, जी हमखास निसटते. तुमची गुंतवणूक ५ तारखेला कापली जाते आणि हप्ता ७ ला. म्हणजे पुढे सांगतो तसं अर्धं भाडं दिल्यावर खात्यात जे उरेल त्यातून आधी गुंतवणुकीचे ३ हजार जाणार, आणि दोन दिवसांनी हप्ता परत जाणार. लोकांना वाटतं आपल्याकडे हप्त्यापुरते पैसे होते. होतेही, पण ते आधीच्या डेबिटने खाल्ले. गुंतवणूक आजच्या आज थांबवा. पण थांबवण्याची विनंती बहुतेक ठिकाणी काही कामकाजाचे दिवस आधी द्यावी लागते, त्यामुळे ५ तारखेचं डेबिट कदाचित निघून गेलेलं असेल. तसं असेल तर ते ३ हजार खर्चले असं धरूनच मोजा. आणि हप्त्याचे ७,५०० सहा तारखेच्या संध्याकाळी खात्यात हवेत. डेबिटची विनंती पुष्कळदा सकाळी लवकर लागते, सात तारखेला दुपारी भरलेले पैसे उशिराचेच ठरू शकतात.

असाच दुसरा सापळा कार्डात आहे. बिल आपोआप भरण्याची सोय तुम्ही ‘पूर्ण रक्कम’वर ठेवली असेल, तर १२ तारखेला ती १८ हजार ओढायला येईल आणि खात्यात तेवढे नसतील. आत जाऊन ती बदला. काय बदलायचं ते खाली येतंच.

भाडं: अर्धं आत्ता, अर्धं पगार आल्यावर. ही मागणी उद्या, म्हणजे तारीख उलटायच्या आधी करायची. तारखेआधी विचारणारा आणि तारखेनंतर कारण सांगणारा, समोरच्याच्या मनात ही दोन वेगळी माणसं असतात. आणि मोघम बोलू नका. ‘जरा अडचण आहे, बघतो’ याने कोणाचंही समाधान होत नाही. ‘ऑफिसचा पगार लांबलाय, हा त्यांचा ईमेल. सहा हजार आत्ता पाठवतो, उरलेले सहा पुढच्या महिन्यात, पगार जमा होईल त्या दिवशी’ असं म्हणा. शाळेलाही हेच, फक्त अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. शाळांना असे अर्ज नवे नसतात. फी महिनाभर पुढे जाऊ शकते, विलंब शुल्कही माफ होऊ शकतं. विजेचं बिल या हिशोबात वेळेवर भरतोय, पण अगदीच ओढाताण झाली तर त्याला थोडी जागा आहे: जोडणी सहसा नोटीस देऊन, मुदत संपल्यावरच कापतात. फोन-इंटरनेट भरा, त्यावर तुमचं काम चालतं.

उरलं कार्ड. इथे पैसे कुठून आणायचे हा प्रश्नही आपोआप येतो, म्हणून दोन्ही एकत्र पाहू.

कार्डाचं १८ हजारांचं बिल फक्त मिनिमम ड्यू भरून पुढे ढकललं तर काय होतं? लोक समजतात उरलेल्या रकमेवर एका महिन्याचं व्याज. तसं नसतं. पूर्ण बिल भरलं नाही की बिनव्याजी मुदत गेली, आणि व्याज सहसा प्रत्येक खरेदीच्या तारखेपासून मोजलं जातं. दर वर्षाला ३६ टक्के धरला आणि खरेदीपासून फेडीपर्यंत सरासरी ६० दिवस धरले, तर १८ हजारांवर जवळपास १,०६५ होतात. त्यातही मधल्या काळात कार्डावर घेतलेल्या प्रत्येक नव्या वस्तूवर पहिल्या दिवसापासून व्याज. महिन्याचा किराणा त्याच कार्डावर घेत असाल तर तो ३६ टक्क्यांनी घेताय.

यापेक्षा बरा मार्ग म्हणजे बिलाची रक्कम हप्त्यांत बदलून घेणं. कार्डाच्या ॲपमध्ये किंवा फोनवर ही सोय बहुतेक असते, पण ती ड्यू डेटच्या आधी वापरावी लागते, म्हणून १२ तारखेची वाट न पाहता ५-६ तारखेलाच करा. वर्षाला १६ टक्के आणि २०० शुल्क धरलं, तर १८ हजारांच्या तीन हप्त्यांत मिळून साधारण ७०० जास्त जातात. पहिला हप्ता, सुमारे ६,२००, पुढच्या बिलात येतो. बाकी बिल वेळेवर पूर्ण भरत राहिलात तर नव्या खरेदीची बिनव्याजी मुदत सहसा टिकते. करण्याआधी दर, शुल्क आणि मुदतीआधी फेडल्यास काय लागतं, या तीन गोष्टी स्क्रीनवर वाचून घ्या. आणि या महिन्यात नक्की किती भरायचं उरलं ते बघून ऑटो-पे त्याप्रमाणे लावा. रक्कम बदलून घेतली तरी जुनाच आकडा ओढला गेल्याची प्रकरणं मी पाहिली आहेत.

आता एफडी. तिच्यावर ओव्हरड्राफ्ट मागितला की बँक ठेवीच्या ठराविक टक्क्यांपर्यंत मर्यादा देते. ९० टक्के धरले तर ३६ हजार. व्याज ठेवीच्या दरापेक्षा थोडं जास्त असतं. ठेव ७ टक्क्यांनी असेल तर ओव्हरड्राफ्ट ९ धरू. व्याज मर्यादेवर नाही, उचललेल्या रकमेवर आणि तेवढ्याच दिवसांचं.

तुमचा हिशोब असा बसतो. या महिन्यात द्यायचेच: अर्धं भाडं ६ हजार, हप्ता ७,५००, विमा ९ हजार, वीज १,८००, फोन ९००, किराणा थोडा आवरून ६,५००, जाण्यायेण्याचे २ हजार. एकूण ३३,७००. हातातले १४ हजार वजा केले की १९,७०० कमी पडतात. (गुंतवणुकीचं डेबिट थांबलं नाही तर २२,७००.) तेवढे ओव्हरड्राफ्टमधून उचला, तेही एकदम नाही, जशी गरज लागेल तसे. पूर्ण ३० दिवस धरले तरी व्याज १५० च्या आत.

हेच १९-२० हजार इतर ठिकाणांहून आणले तर? कार्डावरून २० हजार रोख काढले, तर अडीच टक्के शुल्काचे ५०० आणि पहिल्या दिवसापासूनचं महिन्याचं व्याज ५९०, म्हणजे जवळपास १,१००. ॲपचं एक उदाहरण घ्या: मंजूर २० हजार, त्यातून प्रोसेसिंगचे १ हजार आधीच कापले, महिन्याला अडीच टक्के व्याज. स्क्रीनवर ‘फक्त २.५%’ दिसतं. प्रत्यक्षात हातात १९ हजार येतात आणि ३० दिवसांनी २०,५०० द्यायचे, म्हणजे १९ हजारांवर एका महिन्यात १,५००. महिन्याला जवळपास ८ टक्के. म्हणून दर कधीच विचारू नका. ‘आज हातात नक्की किती येणार आणि त्या दिवशी नक्की किती द्यायचे’ हे दोन आकडे विचारा आणि वजाबाकी करा.

पण ॲपचा खरा धोका त्या दीड हजारांत नाही, तारखेत आहे. आज घेतलेलं ३० दिवसांचं कर्ज पुढच्या महिन्यात २-३ तारखेला फेडायचं येतं. पगार चार दिवस जरी आणखी लांबला तरी तुम्ही पुन्हा शुल्क भरून मुदत वाढवता, किंवा पहिलं फेडायला दुसरं ॲप उघडता. माझ्यापर्यंत आलेली सगळ्यात वाईट प्रकरणं अशीच सुरू झालेली असतात, पहिलं कर्ज अगदी किरकोळ. कोणतंही तात्पुरतं कर्ज घ्या, त्याची फेडीची तारीख पगाराच्या सांगितलेल्या तारखेनंतर किमान १५ दिवसांची हवी. ओव्हरड्राफ्टला साधारणपणे ठेवीच्या मुदतीपर्यंत वेळ असतो, म्हणजे तुमच्याकडे ७ महिने आहेत.

एफडी सरळ मोडली तर आभाळ कोसळणार नाही, हेही सांगतो. ठेवलेल्या काळाचा कमी दर आणि वर थोडा दंड, बस. पैशांत फरक काहीशे. मी मोडू नका म्हणतो ते दुसऱ्या कारणाने: मोडलेल्या एफडीतले उरलेले २० हजार बचत खात्यात पडतात, आणि बचत खात्यातले पैसे त्या महिन्यात विरघळतात. ओव्हरड्राफ्टच्या मर्यादेतले १६,३०० मात्र तुम्ही मुद्दाम उचलल्याशिवाय हलत नाहीत.

ते १६,३०० कशासाठी, हे मुद्दाम सांगतो, कारण त्यातूनच कार्डाचं बिल भरून टाकावं असं तुम्हाला वाटेल. व्याजाचं गणित बघितलं तर ते बरोबरही आहे. ९ टक्क्यांच्या पैशाने कार्ड भरणं १६ टक्क्यांच्या हप्त्यांपेक्षा स्वस्त. पण ऑफिसने तुम्हाला तारीख दिलेली नाही, ‘पुढच्या महिन्यात होईल’ एवढंच म्हटलंय. पगार आणखी लांबला तर पुढच्या महिन्यात गाडीचा हप्ता ७,५००, किराणा ६,५०० आणि येण्याजाण्याचे २ हजार, म्हणजे १६ हजार लागतील. तेवढेच तिथे शिल्लक आहेत. हप्त्यांवर जाणारे ते ७०० ही या राखीव रकमेची किंमत समजा. १२ तारखेच्या आत ऑफिसकडून पक्की तारीख आणि ‘दोन्ही पगार एकत्र’ असं लेखी आलं, तर भाग वेगळा. तरी तोवर हप्ते करून झालेले असतील, आणि मी ते उलटवण्याच्या भानगडीत पडणार नाही.

दोन पगार एकत्र आले तर १ लाखातून ओव्हरड्राफ्टचे १९,८५०, भाडं मागचं-पुढचं १८ हजार, फी ६ हजार, नेहमीचे खर्च २०,७०० आणि कार्डाचा हप्ता ६,२०० असे ७१ हजारांच्या आसपास जातात. कार्डावरची नवी खरेदी वेगळी. प्रकरण मिटलं. फक्त १ लाख पूर्ण येतील असं धरू नका. दोन पगार एकत्र निघताना काही कपात होऊ शकते.

पगार सरकला असेल तर चित्र निराळं. तेव्हा हातात ५० हजारच येतील आणि वरचे ७१ हजार समोर असतील. तुमच्या आकड्यांवरून नेहमीचा महिना असा दिसतो: गुंतवणूक थांबवून ठेवली आणि कार्डावर दरमहा ७ हजारच खर्च झाले, तर फीची तरतूद बाजूला काढून ८ हजारांच्या आसपास उरतात. फेडायचे आहेत जवळपास ५० हजार: ओव्हरड्राफ्ट, मागचं अर्धं भाडं, फी आणि कार्डाचे हप्ते. म्हणजे सहा महिने, तेही मध्ये काही न उपटलं तर. असं असेल तर कार्डाचे तीनऐवजी सहा हप्ते करा (व्याज थोडं वाढेल, पण दरमहाचा बोजा निम्मा होईल) आणि ओव्हरड्राफ्ट सगळ्यात शेवटी फेडा, कारण तो सगळ्यात स्वस्त आहे. म्हणूनच तो ईमेल ५ तारखेच्या आत गेला पाहिजे. कार्डाचे हप्ते किती करायचे हे तुम्हाला ५-६ तारखेला ठरवायचं आहे.

नातेवाइकांकडून उसने मिळत असतील तर घ्यायला हरकत नाही, पण पूर्ण १९,७०० नको. विम्याच्या ९ हजारांपुरते घ्या आणि परतीची तारीख मेसेजमध्ये लिहून पाठवा. मग ओव्हरड्राफ्टमध्ये आणखी ९ हजार शिल्लक राहतात.

पगार जमा झाला की त्याच दिवशी आधी घरमालकाचे सहा हजार, मग फी. तुम्ही त्यांना तारीख दिलेली आहे, बँकेला दिलेली नाही. त्यानंतर ओव्हरड्राफ्ट. गुंतवणूक त्याच्या पुढच्या महिन्यात सुरू करा, आणि जमलं तर तिची तारीख ५ वरून १० वर न्या, म्हणजे ती पुन्हा गाडीच्या हप्त्याच्या आधी येणार नाही. कार्डाचं ऑटो-पे परत ‘पूर्ण रक्कम’वर करायला विसरू नका.